आभारातलं एक वाक्य

सहा वर्षं मी अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की एक दिवसाचा खंड, मग नवा आदेश. नोकरी सलग दिसू नये म्हणून ठेवलेला तो खंड. आणि आम्ही असे बावळट, की त्या दिवशीही येऊन प्रॅक्टिकल घ्यायचो. मस्टरवर सही तेवढी करायची नाही.

यंदा मुदतवाढीचं पत्र आलं तेव्हा मी नाही म्हणायचं ठरवलं. शिकवणं पुरे झालं होतं. अमरावतीत माझी मैत्रीण संत्र्याचा रस आणि मुरंबा करायचा कारखाना टाकत होती, मी तिच्यासोबत जाणार होते. नकाराचं पत्र मात्र मनापासून लिहिलं. त्यात विभागप्रमुख सरांसाठी अख्खा परिच्छेद. मी त्यांचीच विद्यार्थिनी. माझ्या पहिल्या तासाला हा माणूस मागच्या बाकावर नुसता बसून राहिला होता, मला धीर यावा म्हणून. शेवटी लिहिलं, 'चार वर्षांपूर्वी अमरावतीला कायम जागा निघाली, तेव्हा माझ्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी सर संस्थेशी भांडले, हे मी विसरणार नाही.' ते प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. मुलाखत हुकली होती. तरी सर भांडले, हे काय कमी होतं?

सरांनी त्यांच्या केबिनमध्ये पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"हे शेवटचं वाक्य काढून टाक."

मला वाटलं, संकोच. म्हटलं, "राहू द्या ना सर. खरं तेच लिहिलं."

"खरं नाही ते. तुया अर्ज मी संस्थेकडं पाठवलाच नव्हता. इथंच ड्रॉवरमंधी होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू गेली असती तं प्रॅक्टिकल कोन घेनार होतं?"

माझं डोकंच सणकलं. त्या वेळी सर म्हणाले होते, "संस्था नाई म्हनते," आणि उलट मीच त्यांची समजूत काढली होती, "तुमी वाईट नका वाटून घेऊ." घरी जाऊन संस्थेला शिव्या घातल्या होत्या. चार वर्षं! आणि आता सांगतो हा माणूस, आता, मी निघाल्यावर!

मी त्यांच्याच टेबलावरचा पेन उचलला आणि ते वाक्य खोडलं. कागद फाटेल इतक्या जोरानं. पत्र आवक विभागात द्यायला उठले, तर सरांनी विचारलं, "बाकीचं काहून ठेवलं?"

"बाकीचं खरं आहे, सर," मी म्हटलं. "म्हनूनच तं इतका राग येऊन राहिला."