धोंडिरामांचा पहिला चहा

सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले धोंडिराम वडूजमध्ये ब्रॉडबँड पुरवतात. बिघाडात ज्याची चूक निघेल त्याने चहा करायचा, हा त्यांचा नियम. अकरा वर्षांत त्यांच्यावर चहा करण्याची वेळ एकदाही आली नव्हती.

त्यांची ग्राहक दीपमाला हिच्या लॅपटॉपला कार्यालयाशी सुरक्षितपणे जोडणारे व्हीपीएन जुळेना. उद्यापर्यंत न जुळल्यास घरून काम करण्याची तिची परवानगी जाणार होती.

"काका, तुमची लाइन बिघडलीय," धोंडिराम घरी येताच ती म्हणाली.

"माझी? न्हाई पोरी. लॅपटॉपच मुका असंल. दूध तापव तू."

त्यांनी लॅपटॉपवर वायरशार्क लावले; लाइनीवरची ये-जा त्यात दिसते. जोडणी मागणारे हँडशेकचे पॅकेट दर पाच सेकंदांनी लॅपटॉपमधून बाहेर पडत होते. उत्तर मात्र एकही येत नव्हते.

"मग तुझा सर्व्हर झोपलाय."

तिने लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटला जोडला. पॅकेट गेले आणि लगेच उत्तर परतले.

म्हणजे अडथळा धोंडिरामांच्याच लाइनीत होता. साक्षीला तिसरे कोणी नव्हते, तरी त्यांना टाळाटाळ करवेना. आपल्या फायरवॉलमध्ये काल स्वतःच घातलेला, व्हीपीएनची वाट अडवणारा एक निर्बंध त्यांनी फोनवरून काढून टाकला. लॅपटॉप पुन्हा त्यांच्या लाइनीला जोडताच उत्तर आले.

"जुळलं, काका!"

"व्हय गं," ते बाह्या सरसावत उठले. "साखरेचा डबा कुठं हाय?"