पावती आबांच्या नावाची

थोरला भाऊ अंबाजोगाई तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. त्याच्या आयकर विवरणपत्राची छाननी निघाली. विमा हप्ते आणि मंदिराची देणगी, दोन्ही वजावटींचे पुरावे विभागाने मागितले. ते गेले नाहीत, म्हणून दुसरी नोटीस आली: या वजावटी का नामंजूर करू नयेत? उत्तर पोर्टलवरच द्यायचे होते. समोर माणूस नव्हता, आणि दादाची चिडचिड त्यामुळे माझ्यावर होत होती. मी बीडहून सुटी काढून गेलो होतो.

विम्याच्या पावत्या एजंटकडे होत्या. घाटनांदूरचा हा एजंट शाळेत येऊन हप्ते घेई आणि पावत्या गाडीच्या डिकीत ठेवी.

"डिकीत पाणी शिरलं, सर. पर हप्ते भरलेत, आईशप्पथ," तो म्हणाला.

"शपथ अपलोड करू का?" दादाने विचारले.

विमा शाखेत दोन खेपा झाल्या. पहिल्या वेळी सर्व्हर बंद होता, दुसऱ्या वेळी वर्षभराच्या हप्त्यांचे प्रमाणपत्र मिळाले. पॉलिसी दादा-वहिनींच्याच होत्या. तो भाग सुटला.

देणगी सुटेना. पैसे दादाच्या खात्यातून ऑनलाइन गेले होते. बँकेच्या उताऱ्यात ते स्पष्ट दिसत होते. पण आमच्याकडे मुलाने दिले तरी लाउडस्पीकरवर नाव वडिलांचेच पुकारतात. पावतीही तशीच फाडली गेली. पुढे मंदिराच्या ट्रस्टने देणगीदारांचे विवरण भरले, त्यात आमच्या वडिलांचे, आबांचे नाव आणि आबांचा पॅन. देणगीचे प्रमाणपत्र आबांच्या नावाचे निघाले. दादाने ते न पाहताच वजावट घेतली होती.

ट्रस्टचे सचिव म्हणाले, "विवरण दुरुस्त करता येतं. पण आबांचं नाव काढायचं, तर आम्हाला त्यांची सही पाहिजे."

आबा ओट्यावर बसले होते. दादाने अर्ज पुढे केला.

"काय लिवलंय?"

"देणगी मी दिली, असं."

"मंग माझं नाव कावून पुकारलं?"

"आबा, ते पुकारण्यापुरतं. हे फक्त कंप्युटरमधलं हाय."

"आज कंप्युटरमधून काढशील, उद्या देवळातल्या नावाच्या फरशीवरून. सगळ्या गावानं ऐकलंय. म्या सही करत न्हाई."

वहिनी आतून म्हणाली, "त्यांना तर टॅक्सच लागत न्हाई. पावती घेऊन करणार काय?"

"ठिवणार," आबा म्हणाले.

दोन दिवस हेच चालले. मी आबांना एकदा समजावून पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी दादाचे करसल्लागार म्हणाले, "सर, प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर आहे. नुसत्या बँक उताऱ्यावर भांडण टिकायचं नाही."

दादाने विम्याचे प्रमाणपत्र जोडून ती वजावट कायम ठेवण्याची विनंती केली. देणगीपुढे त्याने स्वतः टाइप केले: ही वजावट मागे घेत आहे. फरकाचा कर व्याजासह भरावा लागणार होता. दंड लागेल का, हे सल्लागारांनाही सांगता आले नाही.

सबमिट केल्यावर पोचक्रमांक आला. दादाने लॅपटॉप मिटला आणि ओट्यावर न जाता मागच्या दाराने शाळेला निघून गेला.