एका वाक्याला एकच हालचाल

बाईंचा गुडघा कामातून गेला, पण जीभ शाबूत होती. मैदानावर उभं राहणं बंद झाल्यावर त्यांनी फलंदाजीचे धडे व्हिडिओवर द्यायचे ठरवले. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "शनिवारी नव्या मुलींना दाखवून बघू. जमलं तर वर्ग तुमचाच, नाहीतर दुसरा प्रशिक्षक नेमावा लागेल." वर्ग गेला तर घरात बसून करायचं काय?

व्हिडिओ सून तयार करत होती. तिने बॅट कधी हातात धरली नव्हती, पण एडिटिंगमध्ये पक्की. गुरुवारी तिने कच्चा व्हिडिओ लावला आणि स्वतःच बॅटऐवजी झाडू घेऊन पडद्यासमोर उभी राहिली. बाईंचा आवाज सुरू झाला, "डोकं स्थिर, डावा पाय पुढे, कोपर वर, चेंडूवर प्रेम करा!" पडद्यावर करून दाखवणाऱ्या मुलीने तोवर फटका मारूनही टाकला होता. सुनेने एकदम सगळंच करायला घेतलं आणि कोपर कपाटावर आपटलं.

"अगं, ऐकतेस कुठे तू!" बाई कडाडल्या.

"ऐकलं म्हणूनच लागलं ना, आई! यातलं कुठलं कधी करायचं? आणि प्रेम कॅमेऱ्यात कसं दाखवू?"

बाईंना राग आला, खरंच आला. आयुष्यभर हेच ओरडत आल्या होत्या. पण मैदानावर चुकलेला पाय त्या हाताने धरून सरकवायच्या. इथे हात कुठून पोचणार? "बस इथे," त्या म्हणाल्या, "मुळापासून लिहू."

मग कापाकापी सुरू झाली. 'डोकं स्थिर' गेलं, कारण त्यात काही हलत नव्हतं. त्याजागी आलं, 'डोकं पुढच्या गुडघ्यावर आणा.' 'डावा पाय' खोडून 'पुढचा पाय' केला, डावखुऱ्या मुलींचा घोटाळा नको. आधी वाक्य, मग तेवढीच हालचाल, क्षणभर थांबायचं, पुन्हा मूळ पवित्र्यात. 'प्रेम करा' खोडताना मात्र बाईंचा हात अडला.

"राहू दे का एवढं?" त्यांनी विचारलं.

"नको, आई."

"दुष्ट आहेस," म्हणत त्यांनी ते खोडलं. दुसऱ्या दिवशी पाय नीट दिसावेत म्हणून कॅमेरा बाजूला लावून पुन्हा चित्रीकरण केलं.

शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये नव्या मुली पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि बाई मागच्या खुर्चीत बसल्या. "पुढचा पाय चेंडूकडे टाका," पडद्यातून आवाज आला, आणि सगळ्या पायांचा मिळून एकच आवाज झाला. "पवित्र्यात या." सगळ्या परतल्या. पुन्हा पाय, पुन्हा तोच एक आवाज. कोणी कोणावर आदळलं नाही. कोणी मागे वळून बाईंकडे पाहिलंही नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

सेक्रेटरी वाकून म्हणाले, "बाई, पुढचा धडा कधी?"

बाईंनी डोळे पुसले. "आधी त्या कोपऱ्यातलीला सांगा, गुडघा वाकव म्हणून," त्या म्हणाल्या. "छे, थांबा. ते वाक्य मीच लिहायला विसरले."