सातवा डबा

बुटीबोरीत कंपनीच्या गेटसमोर माझं किराणा दुकान आहे. मागच्या खोल्यांत बाहेरगावचे कामगार राहतात. एका खोलीत सात जण आणि प्लग एक. उद्या कोणाला कामावर घ्यायचं, हे ठेकेदार फोनवरच कळवतो. फोन बंद, तर दिवसाची हजेरी गेली. म्हणून मी दुकानात फुकट चार्जिंगचा कोपरा केला. माझी मर्जी.

पण आंधळेपणाने नाही केला. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं, कोपऱ्याला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी स्विच घेतला. सहा पोर्टचं चांगलं स्टेशन टाइल्सवर स्क्रूने बसवलं. सहाही भरले तरी साठ वॅटच्या वर जात नाही. पाटी लावली: फक्त मोबाइल, एका वेळी सहा, अर्धा तास. फुगलेली बॅटरी, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड चालणार नाही. नंबरासाठी लोक आपला जेवणाचा डबा रांगेत ठेवू लागले. सातव्या डब्याने थांबायचं, मग तो कोणाचाही असो.

घरमालक काका वर राहतात. उन्हाळ्यात रोज सकाळी दुकानाची मेन पडून वीज जाऊ लागली, आणि काकांना गुन्हेगार लगेच सापडला.

“हे फुकटचं बंद कर वं. लोड येऊन राहिला. उद्या दिसलं तर दुकान खाली कर.”

धडकी भरली, खोटं कशाला बोलू. गेटसमोर दुसरी जागा मला कोण देणार होतं? पण रागही तितकाच आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही माझ्याच दुकानात!

दुसऱ्या दिवशी नळ यायच्या वेळी मी काकांना खाली बोलावलं. सगळ्यांसमोर कोपऱ्याचा एमसीबी खाली केला आणि स्टेशनचा प्लग काढून त्यांच्या हातात दिला. नळ आला. वर त्यांचा टुल्लू पंप घरघरला आणि मेन पडली.

“आता काहून पडली, काका?”

मी बोलावून ठेवलेल्या इलेक्ट्रिशियनने वायर शोधली. पंपाची लाइन माझ्या मीटरवरून वर गेली होती.

“जुनी वायरिंग हाय,” काका पुटपुटले.

मी ती वायर तिथल्या तिथे काढून घेतली. त्यांना विचारलं नाही.

चार दिवसांनी पंपाने त्यांच्याच मीटरचा फ्यूज उडवला. काका बंद फोन घेऊन खाली आले आणि सरळ स्टेशनकडे गेले. सहाही पोर्ट भरलेले. एक कामगार मुकाट्याने आपला फोन काढू लागला. मी त्याला थांबवलं.

“काका, नंबर लावा लागते.”

“मले? माह्याच घरात?”

“भाडं देते मी. डबा आणा.”

ते तरातरा वर गेले. आता दुकान जातं, असं मला वाटलं. गेलं तर गेलं, पण त्या माणसाचा फोन निघणार नव्हता.

थोड्या वेळाने काका स्टीलचा डबा घेऊन उतरले. तो त्यांनी रांगेत सगळ्यांच्या मागे ठेवला आणि उभे राहिले. माझ्याजवळ स्टूल होतं. दिलं नाही.