पाचव्या आज्ञेवर मेलेला प्रोग्राम

माझं नाक थोडं डावीकडे वळलेलं आहे. एका प्रिंटरमुळे ते असं झालं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर ते कामरगावच्या एका माणसाच्या उजव्या हाताने वळवलं, आणि तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या बोटातून रक्त गळत होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका सरकारी खात्याच्या संगणक केंद्रात मी प्रोग्राम लिहायचो. मेडशीच्या आमच्या घरातला मी पहिला पगारदार, त्यामुळे माझी कॉलर कायम ताठ. तो कामरगावकर तिथला ऑपरेटर, मनगट मुसळासारखं. गावं जवळ असल्यामुळे आमच्यात प्रेम होतं, म्हणजे शिव्या मोकळ्या होत्या.

जुन्या यंत्रावर मी राजा होतो. तिथे कुठलाही प्रोग्राम प्रिंटरला, टेपला थेट हुकूम सोडू शकायचा. प्रिंटरच्या अक्षरं ठोकणाऱ्या हातोड्या मी अशा तालासुरात पाडायचो की वरातीतला बॅन्ड वाजतोय असं वाटावं. त्या नादात दोनदा शाईची रिबन फाटली आणि एकदा हुकूम चुकून टेपला गेला, तेव्हा दुसऱ्याचा अख्खा हिशेब पुसला गेला. त्याबद्दल एका कारकुनाने मला जिन्यावर बदडलंही होतं.

मग नवीन यंत्र आलं. त्याच्यात दोन अवस्था होत्या. यंत्राचा स्वतःचा मुख्य प्रोग्राम चालताना सगळ्या आज्ञा खुल्या. आमचे प्रोग्राम चालताना प्रिंटर, कार्डवाचक, टेप, कशालाही थेट हुकूम द्यायची आज्ञा बंद. छापायचं असेल तर मुख्य प्रोग्रामला विनंती करायची; ती पटली तर तो छापणार. केंद्राच्या साहेबांनी फळ्यावर एकात एक वर्तुळं काढली. परदेशातल्या एका यंत्रात अशी बरीच वर्तुळं आहेत म्हणे, आतलं सगळ्यात अधिकाराचं. "आपल्याकडे दोनच. तुम्ही सगळे बाहेरच्यात," ते म्हणाले.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून जाहीर केलं, की आठवड्याच्या आत या प्रिंटरवर वरात काढून दाखवतो.

ज्या दुपारी माझ्या प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं यंत्रात गेली, त्याच दुपारी प्रिंटर पिसाळला. कागद थांबेचना. कारंज्यासारखा उडून छताला लागायला लागला. ऑपरेटरने थांबवायला हात घातला, तर कागद ओढणाऱ्या दात्यांत त्याचं बोट सापडलं. बटण दाबून त्याने यंत्र बंद केलं आणि तो थेट माझ्या टेबलाशी आला.

"काहून रे, केलीच ना वरात?"

"म्या काई नाई केलं."

"माह्यं बोट खाल्लं तुह्या कार्डानं," तो म्हणाला, आणि पहिला ठोसा पडला. चष्मा गेला. दुसऱ्या ठोशाला नाक गेलं. मी खुर्ची उचलून त्याच्या खांद्यावर घातली. ती मोडली, खांदा नाही. दोघं कार्डांच्या कपाटावर आदळलो आणि हजारो कार्डं अंगावर कोसळली. चार जणांनी ओढून वेगळं केलं.

साहेब आले. "उद्यापासून येऊ नका," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. मेडशीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात आलं.

"माझा कागद वाचा," मी नाक धरून म्हणालो. "शेवटचा छापलेला. माझा प्रोग्राम कुठपर्यंत चालला ते त्यावर असेल."

कोऱ्या कागदांच्या ढिगाखाली तो सापडला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, आणि तेच मला नको होतं. प्रिंटरला हात लावण्याआधी माझ्या प्रोग्रामने स्वतःची अवस्था बदलून मुख्य प्रोग्रामसारखं व्हायचा प्रयत्न केला होता. पण ती बदलणारी आज्ञाही आतल्यांसाठीच राखीव. यंत्राने तिथेच झडप घालून ताबा मुख्य प्रोग्रामकडे दिला होता. त्याने माझा प्रोग्राम मारून टाकला आणि मेल्याची नोंद छापली होती.

"चार आज्ञा चालला. पाचवीवर मेला," साहेब म्हणाले. "प्रिंटरपर्यंत पोचलाच नाही."

सगळी खोली हसली. नोकरी वाचली, वरात गेली.

मग प्रिंटर पिसाळला कशाने? ऑपरेटरचा चेहरा उतरला. प्रिंटरच्या आत एक छिद्रांची पट्टी फिरते. कुठल्या ओळीवर थांबायचं ते छिद्र सांगतं. जुनी पट्टी फाटली होती, ती त्याने सकाळी कणकेच्या खळीने चिकटवली होती. माझी मेल्याची नोंद छापून मुख्य प्रोग्रामने नवं पान मागितलं, खळ सुटली, छिद्र आलंच नाही. पट्टी काढून त्याने स्वतःच साहेबांसमोर धरली. साहेबांनी त्याला एक लेखी ताकीद दिली आणि नवी पट्टी मागवली.

बाहेर व्हरांड्यात त्याने हनुवटी पुढे केली. "मार मले."

मी पूर्ण ताकदीने मारलं. त्याची हनुवटी तशीच राहिली, माझी दोन बोटं सुजली.

मग आम्ही एकाच रिक्षाने दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने दोघांकडे पाहून विचारलं, "भांडण कायचं?"

"याचा प्रोग्राम चालला नाई," तो बोट पुढे करत म्हणाला, "हे आधी समजलं असतं तं मारलंच नसतं याले."