हिरवा सोडून कोणताही

त्या फाईलमध्ये अर्जांची जाडजूड चळत होती. मोठ्याने वाचला गेला तो मात्र माझा एकट्याचा. बाकीचे आईबाप मान खाली घालून सुटले आणि मी सापडलो. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरांचा. शिरोळकडच्या एका गॅरेजात दुसऱ्याचे पाने पुसत सुरुवात केली, आज कोल्हापुरात स्वतःचं आवार आहे. समोरच्याने सांगितलेली पहिली किंमत मी आयुष्यात कधी मान्य केलेली नाही. आवाज चढवला की माणूस खाली येतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. शाळेतही मी तसाच जायचो.

मुलगी तेव्हा नववीत होती. पळण्यात तिच्या वर्गात तिच्या पुढे कुणी नाही. शाळा दहावीच्या मुलांना क्रीडादिनात घेत नाही, म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष. रिलेचा शेवटचा टप्पा तिचा ठरला होता. दिवाळीपासून ती पहाटे उठून मैदानावर जात होती. एका सोमवारी मात्र घरी आली ती बूट कोपऱ्यात भिरकावूनच.

"हाऊस रद्द केली मॅडमनी. रिले न्हाई यंदा."

शाळेत चार हाऊस होती. लाल, निळं, पिवळं आणि हिरवं. ती पिवळ्याची कॅप्टन. रिले हाऊसांमध्येच लागते, हाऊस नाहीत तर रिले कुणाची कुणाशी? मी भडकलो. मोबाईलवर शाळेचा निरोप आला होता. बुधवारी पालकांची बैठक. त्यात नव्या नावांची, नव्या वाटणीची सोय झाली तर सांघिक सामने होतील, नाहीतर फक्त वैयक्तिक.

"केलंय काय पण तुमी?" मी विचारलं.

"काय न्हाई. ओरडलो फक्त," असं म्हणून ती आत गेली.

बुधवारी मी भांडायच्या तयारीनेच गेलो. मुख्याध्यापिका, क्रीडाशिक्षक, दहाबारा पालक आणि चारही हाऊसचे कॅप्टन. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ओळखीचा माणूस निघाला. माझ्या ट्रॅक्टरांच्या सीटा शिवतो तो कारागीर. मुसलमान, शांत माणूस. त्याची मुलगी हिरव्याची कॅप्टन आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याच मुलीच्या वर्गात, एका बाकाच्या अंतरावर.

बसायच्या आधीच मी सुरू झालो. "मॅडम, पोरं खेळात ओरडत्यातच की. तेवढ्यावरनं खेळ बंद करायचा म्हंजे काय?"

मॅडमनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर क्रीडाशिक्षकांना म्हणाल्या, "सर, तुम्ही ऐकलंत ते सांगा."

सर उभे राहिले. तरुणपणी तालमीत कुस्ती खेळलेला माणूस, पण जमिनीकडे बघत सांगू लागला. संचलनाच्या सरावात हिरवं हाऊस समोरून जायला लागलं की बाकीच्या तिन्ही हाऊसांमधून एकच घोषणा उठत होती. हिरव्यांनो, पाकिस्तानला पळा. हिरव्यात आता बहुतेक मुसलमान मुलंच उरलीत, सर म्हणाले. आधी पाचसहा मुलं, मग सगळी रांग. टाळ्यांच्या तालावर. सोमवारी हिरव्याची कॅप्टन निशाण जमिनीवर ठेवून मैदानातून निघून गेली.

मी माझ्या मुलीकडे बघितलं.

"तू वरडलीस?"

"सगळेच ओरडत होते, पप्पा."

ही पोर घरात कुत्र्याच्या पिल्लावरही ओरडत नाही. शेजारी तो कारागीर स्वतःच्या बोटांकडे बघत बसला होता. त्या बोटांनी शिवलेल्या सीटवर माझी गिऱ्हाइकं बसतात.

अशा वेळी माणूस गप्प बसतो. मी चिडतो. मी टेबलावर हात आपटला. "पण हिरवं म्हंजे मुसलमान हे पोरांनी ठरवलं कसं? हाऊसात सगळीच पोरं असत्यात. हजेरीच्या नंबरानं वाटणी हुती की! पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा पिवळा, चौथा हिरवा. मग एकाच हाऊसात एकाच समाजाची पोरं गोळा झाली कशी? शाळेनंच घोळ घातलाय. दाखवा फाईल!"

"दाखवते," मॅडम म्हणाल्या.

कपाटातून फाईल आली. हाऊस बदलून मिळण्याचे अर्ज. वर्षानुवर्षांचे. वाटणी खरंच नंबराने व्हायची, पण नंतर पालक येऊन अर्ज द्यायचे, क्लार्क मंजूर करायचा, आणि हिरव्यातून एकेक मूल बाहेर पडायचं. आत यायला कुणाचाच अर्ज नव्हता. ज्यांच्या आईबापांनी अर्ज केला नाही तेवढीच उरली.

मॅडमनी पानं उलटली, एक काढलं आणि वाचलं. "माझी पाल्य इयत्ता पाचवीत आहे. तिला हिरवे हाऊस मिळाले आहे. ते बदलून मिळावे. हिरवा सोडून कोणताही चालेल." मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सही माझी होती.

मी विसरलो होतो. शपथेवर सांगतो, पार विसरलो होतो. आता आठवलं. क्लार्कच्या टेबलापुढे अर्धा तास उभा राहून मी तो बदल मिळवला होता आणि खुशीत घरी आलो होतो. जे मिळतंय त्यापेक्षा बरं मागायचं ही माझी सवय, त्यातूनच केलं असणार, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग लाल मिळालं असतं तर मी गेलो असतो का? आणि बरं तरी कुठं मागितलं होतं? पिवळं पाहिजे असंही लिहिलं नव्हतं. हिरवा सोडून कोणताही.

कारागीर हळूच म्हणाला, "माझी पोरगी पाचवीपासनं हिरव्यातच हाय शेठ. मला वाटलं, नंबर तसा आला आसंल."

मी अर्जाचा कागद टेबलावर उलटा करून ठेवला. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. ती स्वतः मुळात हिरव्यातली होती, हे तिलाही तेव्हाच कळलं.

नावांची चर्चा नंतर झाली. रंग नको, यावर एकमत झालं. कुणी थोर पुरुषांची नावं सुचवली. सर म्हणाले, मग कुणाचा घेतला, कुणाचा वगळला हे सुरू होणार, आणि तेच नाव घेऊन पोरं 'हरला रे हरला' ओरडणार, ते चालेल का? किल्ले आले, त्यावरही दोघांची तोंडं वाकडी झाली. नद्या आल्या, तर निळ्याचा कॅप्टन म्हणाला, "आमचं घर दोनदा पुरात गेलंय मॅडम. मी नदीचा जयजयकार करणार न्हाई." सत्य, शांती, सेवा आलं तेव्हा पोरंच हसायला लागली. शांतीनं सेवेला रस्सीखेचीत ओढलं, असं माईकवरून सांगायचं का?

शेवटी सर म्हणाले, नावं कागदावर पास होत नसतात. उद्या मैदानात ओरडून बघू.

दुसऱ्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. मी गेलो, का ते मला सांगता येत नाही. झाडांची नावं झाली, फुलांची झाली. 'मोगरा, मोगरा' म्हणताना आठवीची मुलं एकमेकांना ढोसत होती. गवा आणि बिबट्या जरा जमले, पण चौथा प्राणी ठरेना, ससा कुणालाच नको. तेवढ्यात हिरव्याची ती कॅप्टन पुढे आली. बैठकीत ती एक शब्द बोलली नव्हती.

"सर, डावांची नावं ठेवूया? कुस्तीच्या. माझे आजोबा तालमीत होते, मला सगळे डाव म्हायती आहेत. ढाक, लपेट, घिस्सा, कलाजंग."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "पोरी, मी इतकी वर्षं मातीत काढली आणि हे मला सुचू नये?"

"ढाकचा रंग कोणता?" मॅडमनी विचारलं.

"डावाला रंग नसतो मॅडम."

"आणि जात?" एका पालकाने खोचकपणे विचारलं.

"ज्याला जमंल त्याचा," सर म्हणाले.

ओरडून बघितलं. 'ढाक' एका दमात सुटत होता, ढोलावर थाप पडावी तसा. 'कलाजंग' ओढून म्हणता येत होता. मुलींना 'लपेट' आवडला, 'घिस्सा'वर सगळेच तुटून पडले. पाचवीची पोरंसुद्धा न शिकवता ओरडत होती.

मग नव्या वाटणीचे नियम झाले. प्रत्येक वर्गात मुलामुलींच्या वेगळ्या चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर काढायच्या. भावंडं एकाच हाऊसात. शर्ट सगळ्यांना पीटीचाच पांढरा, निशाणंही पांढरी, त्यावर काळ्या रेषेत डावाचं चित्र. पंचांना धावणारा ओळखू यावा म्हणून छातीवर नंबर, ढाकला शंभरापासून, लपेटला दोनशेपासून, तसे पुढे. आणि बदलाचा अर्ज घेतला जाणार नाही, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात. ते लिहिताना मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बाकीच्यांनी बघितलं.

शनिवारी मुलगी घरी आली ती तोंड पाडून. तिला कलाजंग आलं होतं आणि बाकीच्या तिघींपैकी दोघींना धड पळता येत नव्हतं. हिरव्याची जुनी कॅप्टन गेली होती ढाकमध्ये, पळणाऱ्या दोघींसकट.

"शेवटचं वर्ष, आणि असली टीम," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडमना भेटू का?"

ती जेवत होती. घास तसाच हातात राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यात जे होतं ते बघून मला बैठकीतल्यापेक्षा जास्त हादरा बसला. ताट घेऊन ती उठली.

क्रीडादिनाला रिलेत कलाजंगची पहिलीच मुलगी मागे पडली. दुसरीच्या हातून बॅटन सुटली. माझ्या मुलीच्या हातात ती आली तेव्हा ढाकच्या पोरी गळ्यात गळे घालून नाचत होत्या. आता ही चालतच येणार, असं मला वाटलं. आणि पांढऱ्या शर्टांच्या त्या गर्दीतून, कुठूनतरी मागून, आवाज उठला. कलाऽऽजंग. कलाऽऽजंग. हरलेल्या हाऊसची सगळी पोरं उभी राहून ओरडत होती, शेवटच्या नंबरासाठी. ती जीव खाऊन पळाली. जिंकायला काही शिल्लक नसताना माझी पोर अशी पळेल हे मला खरं वाटेना.

रेषेजवळ ढाकची ती मुलगी, कारागिराची, उभी होती. तिने हिला पाण्याची बाटली दिली. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. हिने मान खाली घातली होती, तिने ऐकून घेतलं, आणि मग ती तिच्या हाऊसकडे निघून गेली.

मी मुलीला घ्यायला गेलो. तिचा आवाज पूर्ण बसला होता.

"पप्पा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सगळे ओरडत होते. तुमी का न्हाई ओरडला?"

माझा आवाज गुरांच्या बाजारात या टोकाहून त्या टोकाला जातो. मी तिची पिशवी उचलली आणि गाडीकडे चालू लागलो.