सात वाजून बारा मिनिटांचा फॉर्म

कोंडीराम वाघचौरे चाकणच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळतात. टाइम ऑफिस म्हणजे गेटाशेजारची काचेची खोली. कोण किती वाजता आला नि किती वाजता गेला, याची नोंद तिथे कामगाराच्या टोकन नंबरावर राहते. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं आणि त्या कामाचा त्यांना जरा जास्तच माज होता. सातची पाळी म्हणजे सातची. सात वाजून एक मिनिटाने आलेल्याला ते चष्म्यावरून असं बघायचे, की माणसाने पुन्हा घरी जावं. बायको आजारी, बस बंद, नाशिक फाट्याला ट्रॅफिक, असली कारणं त्यांना पाठ होती. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी ऐकत नसलं तरी ते म्हणायचे.

हजेरीच्या मशीनची जागा कॉम्प्युटरने घेतली तेव्हा कोंडीराम कुरकुरले नाहीत, उलट खूश झाले. जपानच्या मूळ कंपनीने बनवलेली एक तयार शीट होती, फॉर्मसकट. तिची कॉपी करायची, प्रश्न बदलायचे आणि लिंक ग्रुपवर टाकायची. ज्याने भरला त्याची वेळ आपोआप शेजारी उमटते. सेकंदासकट. सेकंद पाहून तर कोंडीरामांना भरूनच आलं होतं.

गेल्या महिन्यात कंपनीने लाइन लीडरच्या चार जागा काढल्या. कंत्राटी कामगारांनाही अर्ज करता येणार होता. लेखी परीक्षा आणि पास झालात तर कायम, हे त्यातलं मोठं. कोंडीरामांनी शनिवारी सकाळी आठला लिंक टाकली. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. सोमवारी त्यांनी शीट उघडली, पाचनंतरच्या नऊ ओळी लाल केल्या आणि बाकीची यादी एचआरच्या निरंजनसाहेबांकडे पाठवून दिली.

दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली आणि विजयश्री ओव्हाळ खिडकीशी आली. ही थेरगावची. सहा वर्षं कंत्राटावर, वेल्डिंगच्या तपासणीला. तिच्यामागे गिरजाबाई, मूळच्या मावळातल्या, वयाने मोठ्या.

"साहेब, बोर्डावरच्या यादीत माझा टोकन नंबर नाही."

कोंडीरामांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "सात वाजून बारा मिनिटं. संध्याकाळचे. मुदत पाचची होती."

"मी सुट्टी झाल्या झाल्या भरलाय. इथंच, बस लागायच्या आधी."

"मी हुते की तिच्याजवळ," गिरजाबाई म्हणाल्या. "साडेतीनच्या पुढं धा-बारा मिन्टं झाली असतील, बास."

"मग हा कॉम्प्युटर खोटं बोलतोय का?"

विजयश्रीने फोन पुढे केला. फॉर्म गेल्याचा स्क्रीनशॉट तिने काढून ठेवला होता. वरच्या कोपऱ्यात वेळही असणार. कोंडीरामांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही.

"फोनमधली वेळ कुणीही बदलतं, बाई. घरी गेलीस, चहा-पाणी केलंस, मग आठवण झाली. होतं असं. पण मग कबूल करावं. सगळ्यांच्या देखत खोटं कशाला बोलायचं?"

मागे रांग होती. कुणीतरी हसलं. विजयश्रीचा चेहरा उतरला. ती बसकडे गेली. कोंडीराम त्या दिवशी घरी जेवताना बायकोला म्हणाले, की नऊच्या नऊ फॉर्म पहिल्या पाळीतल्या कंत्राटी लोकांचे निघाले. या लोकांना वेळेची किंमतच नाही.

परीक्षा झाली. चौघांना पत्रं मिळाली.

पुढच्या गुरुवारी आरोग्य तपासणीचा फॉर्म काढायचा होता. कोंडीरामांनी तीच शीट पुन्हा कॉपी केली आणि चालतंय का बघायला पहिला फॉर्म स्वतःच भरला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. शीटमध्ये उमटलं, तेरा पस्तीस.

त्यांना वाटलं, नजर चुकली. दुसऱ्यांदा भरला. तेरा छत्तीस. मग त्यांनी शीटची सेटिंग उघडली. टाइम झोनच्या चौकटीत टोकियो लिहिलेलं होतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आणि कॉपी केली की मूळ शीटची सेटिंगही बरोबर येते. ही चौकट त्यांनी कधी उघडलीच नव्हती. दुपारी दीडनंतर भरलेला प्रत्येक फॉर्म शीटच्या लेखी पाचनंतरचा होता.

त्यांनी जुनी शीट काढली. सात बारातून साडेतीन तास वजा केले, तीन बेचाळीस. मग स्वतःच्याच हजेरीच्या नोंदी उघडल्या. त्या शनिवारी विजयश्री गेटातून बाहेर पडली ती तीन चौतीसला. थेरगावची बस सुटते तीन पन्नासला. सगळं त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये होतं, इतके दिवस. त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

पुढची गोष्ट त्याहून वाईट होती. पहिल्या पाळीचे फोन सातलाच लॉकरमध्ये जातात. लिंक आली आठला. म्हणजे त्या माणसांना साडेतीनच्या आधी फॉर्म भरता येणारच नव्हता. आणि लॉकरच्या किल्ल्या कोण सांभाळतं? कोंडीरामच. त्यांना इतकी लाज वाटली, की काचेच्या खोलीत बसणंही नको झालं.

ते निरंजनसाहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"पत्रं गेलीत, वाघचौरे. सेटिंग बदला आणि गप्प बसा. कोण विचारायला येणार आहे?"

हे खरंच होतं. कुणीही विचारायला येणार नव्हतं. कोंडीराम खोलीत परतले. झोन बदलून कोलकाता, म्हणजे आपली वेळ, केला आणि पुन्हा फॉर्म भरून पाहिला. आता वेळ बरोबर उमटली. जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही.

पावणेचारला ते खोलीबाहेर आले. थेरगावची बस उभी होती. विजयश्री आणि गिरजाबाई चढायच्या बेतात होत्या. कोंडीराम त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. बोलायचं काय ते त्यांनी घोकून ठेवलं होतं, पण निघालं वेगळंच.

"तुझा फॉर्म वेळेत होता. नऊही जणांचे वेळेत होते. शीटला जपानची वेळ लागली होती, ते मी बघितलं नाही. तुला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालो, ते सगळ्यांसमोरच परत घेतो. चुकलो मी."

बसमधली डोकी खिडकीशी आली. विजयश्री रागावली नाही, रडली नाही. तिने बसच्या पायरीवरचा पाय खाली घेतला.

"लिहून द्याल?"

साहेबांचं वाक्य कोंडीरामांच्या डोक्यात होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तरी त्यांनी खिशातलं पेन काढलं, पॅड बसच्या पत्र्याला टेकवलं आणि लिहायला घेतलं. चूक कशी झाली, कुणाकडून झाली, ते त्यांनी सरळ लिहिलं. मग "खालील नऊ कामगारांचे अर्ज वेळेत आले होते" असं लिहून ते थांबले. शीटमध्ये नावं नव्हती, त्यांनी नऊ टोकन नंबर लाल केले होते. ते सगळे त्यांना तोंडपाठ होते.

"नावं लिहा, साहेब," विजयश्री म्हणाली.

कोंडीरामांचं पेन हललं नाही. मग त्यांनी मान वर न करताच विचारलं, "सांगतेस का?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. गिरजाबाईंनी त्याला हाताने थांबवलं. विजयश्री एकेक नाव सावकाश सांगत गेली, आडनावासकट, आणि एकोणतीस वर्षं गेटावर बसलेला माणूस ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी लिहून घेत राहिला.